पिनकोडातला पहिला आकडा

४११००१ हा पुण्याचा पिनकोड. त्यातले पहिले दोन आकडे चुकून उलटेपालटे झाले की होतो १४१००१, आणि तो लुधियानाचा आहे. पाकिटावर नाव, गल्ली, शहर सगळं नीट लिहिलं असलं, तरी छाननीच्या वेळी आकड्यांवरच नजर गेली तर पुण्याच्या पेठेतलं पत्र दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर पंजाबात जाऊन पोचतं. तिथे ते कोणाच्या तरी लक्षात येतं आणि मग उलट दिशेने त्याचा परतीचा प्रवास सुरू होतो.

आता चूक शेवटच्या आकड्यात झाली असं समजू. सदाशिव पेठ म्हणजे ४११०३०, कोथरूड म्हणजे ४११०३८. शून्याच्या जागी आठ पडला, तर पत्र मुठा नदीच्या पलीकडच्या पोस्टात जाईल. तिथला पोस्टमन पत्ता वाचून ते बाजूला ठेवेल आणि बहुधा एखाद-दोन दिवसांच्या उशिराने ते योग्य दारात पडेल. चूक दोन्हीकडे क्षुल्लकच, पण फटका मात्र सारखा नाही. सहा आकड्यांत डावीकडचा आकडा सर्वांत मोठा प्रदेश सांगतो आणि उजवीकडे सरकावं तसा प्रदेश लहान होत जातो. पहिला आकडा देशाचा एक मोठा टपाल विभाग दाखवतो, दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा, आणि उरलेले तीन आकडे मिळून प्रत्यक्ष पत्रं वाटणारं पोस्ट ऑफिस.

ही रचना १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर लागू झाली. तिची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतातले नामवंत कवी आणि नाटककारही. मराठी वाचकाने हे नाव आवर्जून लक्षात ठेवावं, कारण देशातल्या प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक पार्सलावर आज त्यांचं काम उमटलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक असतं.

त्याआधी टपालाचे क्रमांक अजिबात नव्हते असं नाही. मोठ्या शहरांतल्या वाटपाच्या विभागांना साधे क्रमांक होते. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या पानांवर प्रकाशकाचा पत्ता ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ किंवा ‘दादर, मुंबई २८’ असा दिसतो, तो त्याच काळातला. पिनकोड आला तेव्हा हे क्रमांक टाकून दिले गेले नाहीत. पुणे ३० चं ४११०३० झालं, मुंबई २८ चं ४०००२८ झालं. म्हणजे या शहरांच्या पिनकोडातले शेवटचे आकडे वयाने मोठे आहेत आणि पहिला आकडा नंतर आलेला आहे. शहरातल्या शहरात पत्र कुठे द्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. ते शहर देशात नेमकं कुठल्या दिशेला आहे, हे सांगायची सोय तेवढी नव्हती.

ती नसल्याने काय होत असे, हे औरंगाबाद या नावावरून चांगलं कळतं. एक औरंगाबाद मराठवाड्यात, आताचं छत्रपती संभाजीनगर. दुसरं बिहारात, गयेच्या बाजूला. दोन्ही जिल्ह्याची ठिकाणं. कोलकात्याहून कोणी घाईघाईत फक्त ‘औरंगाबाद’ लिहून पाकीट पेटीत टाकलं, तर रेल्वे मेल सर्व्हिसच्या, म्हणजे आरएमएसच्या, सॉर्टरने ते कुठल्या बॅगेत घालायचं? त्यात पत्ता बंगालीत असला, तमिळमध्ये असला किंवा अक्षर लागत नसलं, तर अडचण आणखी वाढे. देशभरच्या गावांची नावं आणि त्यांचे मार्ग सॉर्टरला पाठ असावे लागत. अनुभवी माणूस मजकुराच्या एखाद्या खुणेवरून अंदाज बांधे, नवखा चुके.

पिनकोडाने हा प्रश्न सुटला. मराठवाड्यातलं ते शहर ४३१००१, बिहारमधलं ८२४१०१. नाव वाचता आलं नाही तरी चालेल. पहिला आकडा ४ दिसला की पत्र पश्चिमेकडे, ८ दिसला की पूर्वेकडे. पुढे २०२३ साली मराठवाड्यातल्या शहराचं नाव बदललं, तरी ४३१००१ जिथल्या तिथेच राहिला. उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि ४१३५०१ तसाच आहे, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि ४१४००१ तसाच आहे. पाकिटावर जुनं नाव असो की नवं, आकडा दोन्हीकडे एकच पोस्ट दाखवतो.

पहिल्या आकड्यांची मांडणी दिशांनी लक्षात ठेवणं सोपं. १ आणि २ उत्तरेकडचे, ३ आणि ४ पश्चिमेकडचे, ५ आणि ६ दक्षिणेकडचे, ७ आणि ८ पूर्वेकडचे. १ मध्ये दिल्ली, हरयाणा, पंजाब, चंदीगड, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि लडाख. २ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड. ३ मध्ये राजस्थान आणि गुजरात. ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ५ मध्ये कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा, ६ मध्ये तामिळनाडू आणि केरळ. ७ मध्ये पश्चिम बंगाल, ओडिशा आणि ईशान्येकडची राज्यं, ८ मध्ये बिहार आणि झारखंड. ९ भूगोलाबाहेरचा आहे, त्याच्याकडे नंतर येऊ. शून्याने सुरू होणारा पिनकोड नाही.

ही यादी वाचून पहिला आकडा म्हणजे राज्यांचे गट, असं वाटतं. शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते तसंच छापलेलं असतं. ते बरंचसं खरंही आहे. पण पहिला आकडा मुळात राज्य दाखवायला नेमलेला नाही. पत्र कोणत्या दिशेच्या टपालयंत्रणेकडे सोपवायचं, एवढंच तो सांगतो. बहुतेक ठिकाणी राज्याची हद्द आणि टपालाची वाट जुळतात, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. जिथे त्या जुळत नाहीत, तिथे आकडा वाटेच्या बाजूने उभा राहतो, आणि तीच ठिकाणं पाहण्यासारखी आहेत.

सर्वांत बोलकं उदाहरण पुदुच्चेरीचं. हा केंद्रशासित प्रदेश जुन्या फ्रेंच वसाहतींचा मिळून झाला आहे आणि त्याचे चार तुकडे एकमेकांपासून तुटलेले आहेत. पुदुच्चेरी शहर आणि कारैकल तामिळनाडूच्या किनाऱ्यालगत, माहे पश्चिमेला केरळात, आणि यानम थेट आंध्रात, गोदावरीच्या मुखाशी काकीनाड्याजवळ. सरकार चौघांचं एक. पण पिनकोड पाहा: पुदुच्चेरी ६०५००१, कारैकल ६०९६०२, माहे ६७३३१० आणि यानम ५३३४६४. यानमचा पहिला आकडाच वेगळा. काकीनाड्याचा पिनकोड ५३३००१ आहे, म्हणजे यानमचे पहिले तीनही आकडे त्याच्याशी जुळतात. ते साहजिक आहे. यानमच्या माणसाला आलेलं पत्र आधी पुदुच्चेरीला नेऊन मग शेकडो किलोमीटर उत्तरेला पाठवण्यात काही अर्थ नाही, ते काकीनाड्याच्या टपालाबरोबरच आलं पाहिजे. माहेचा पहिला आकडा ६ असला, तरी ६७३ हे कोळिकोडकडचे आकडे आहेत, पुदुच्चेरीकडचे नाहीत.

आपल्या बाजूलाही असंच एक उदाहरण आहे. १९८७ साली गोव्याला राज्याचा दर्जा मिळेपर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि कारभार पणजीहून चाले. पण पणजी ४०३००१, दमण ३९६२१० आणि दीव ३६२५२०. दमणला टपाल येतं ते वापी-वलसाडच्या वाटेने, आणि तिथले पिनकोड ३९६ नेच सुरू होतात. दीवला येतं सौराष्ट्रातून. पोर्तुगिजांनी एका दोरीत बांधलेली ही तीन ठिकाणं टपालाच्या हिशेबात आपापल्या शेजाऱ्यांकडे गेली.

बेटांचं गणितही वाटेवरच चालतं. अंदमानची राजधानी, पूर्वीचं पोर्ट ब्लेअर आणि आताचं श्री विजयपुरम, हिचा पिनकोड ७४४१०१. ही बेटं बंगालच्या उपसागरात आहेत आणि त्यांचं टपाल पश्चिम बंगालच्या टपाल परिमंडळाखाली येतं, म्हणून आकडा ७. लक्षद्वीपमधलं कवरत्ती ६८२५५५, कारण तिथली मुख्य ये-जा कोचीहून आणि कोचीचे पिनकोड ६८२ ने सुरू होतात. सिक्कीम तर १९७५ साली भारतात सामील झालं, पिनकोड सुरू झाल्यावर तीन वर्षांनी. त्याच्यासाठी नवा आकडा शोधावा लागला नाही. गंगटोकला ७३७१०१ मिळाला, दार्जिलिंगच्या ७३४ च्या शेजारचा, कारण सिलिगुडीकडून वर चढणारी वाट हीच सिक्कीमची टपालवाट.

महाराष्ट्राच्या सीमेवर उभं राहून पाहिलं की हाच प्रकार पायाखाली जाणवतो. कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल ४१६२१६. तिथून महामार्गाने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात निपाणी येतं, आणि निपाणीचा पिनकोड ५९१२३७. दोन्हीकडे बाजारात मराठी कानावर पडते, नातीगोती एक, उसाच्या गाड्याही त्याच रस्त्याने जातात, पण पहिला आकडा ४ चा ५ झालेला असतो. कागलहून निपाणीला टाकलेलं पत्र एका टपाल विभागातून दुसऱ्यात जातं. उत्तरेला रावेर आणि बऱ्हाणपूर घ्या. रावेर जळगाव जिल्ह्यात, ४२५५०८. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, ४५०३३१. इथेही राज्याची हद्द ओलांडली जाते, पण पहिला आकडा ४ च राहतो, बदलतो तो दुसरा. गोंदियाहून छत्तीसगडात डोंगरगडला जाताना तसंच, ४४१६०१ वरून ४९१४४५.

यातून ४ या आकड्याच्या पोटातली वाटणी समजते. ४० ते ४४ महाराष्ट्राकडे, त्यातच गोव्यासाठी ४०३. ४५ ते ४८ मध्य प्रदेशाकडे आणि ४९ छत्तीसगडाकडे. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळं राज्य झालं, पण रायपूरचा ४९२००१ त्यासाठी बदलावा लागला नाही. ४९ हा उपविभाग आधीपासून होताच, त्याला फक्त राज्याचं नाव मिळालं. तेलंगणाचंही तसंच. २०१४ साली राज्य झालं तेव्हा हैदराबादचा ५०० आणि आंध्रातल्या शहरांचे ५१ ते ५३ हे आकडे जसेच्या तसे राहिले. उत्तराखंडात मात्र हद्द इतकी स्वच्छ पडली नाही. तिथल्या काशीपूरचा पिनकोड २४४७१३ आहे आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा २४४००१. पहिले तीन आकडे एक, राज्यं दोन. राज्यं नव्याने आखली गेली तरी टपालाच्या बॅगा जुन्याच वाटेने जात राहिल्या, आणि आकडे बदलले असते तर लक्षावधी लोकांना आपले पत्ते उगाच बदलावे लागले असते.

म्हणूनच पहिल्या आकड्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही पाहायला हवं. तो काम करतो ढोबळ वाटणीचं. औरंगाबाद ४ आणि ८ ने वेगळं झालं. बिलासपूरही तसंच होतं: छत्तीसगडातलं ४९५००१, हिमाचलातलं १७४००१. हमीरपूर म्हटलं तर उत्तर प्रदेशातलं २१०३०१ आणि हिमाचलातलं १७७००१, तिथेही पहिलाच आकडा पुरतो. पण आपला रायगड आणि छत्तीसगडातलं रायगढ यांच्यात तो हतबल आहे, कारण दोन्ही ४ मध्ये. रायगड जिल्ह्यातलं अलिबाग ४०२२०१ आणि तिकडचं रायगढ ४९६००१. फरक कळतो तो दुसऱ्या आकड्यावर. दिल्लीहून निघालेली दोन्ही पाकिटं पहिल्या आकड्याच्या नजरेत सारखीच आहेत. आणि महाराष्ट्रातल्या दोन वडगावांमधला गोंधळ सोडवायला तिसऱ्या, चौथ्या आकड्यापर्यंत जावं लागतं. पाकिटावरच्या सहाही चौकटी भराव्या लागतात त्या याचसाठी. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखांहून अधिक आणि पिनकोड एकोणीस हजारांच्या आसपास, कारण खेड्यांतल्या अनेक शाखा ज्या मोठ्या पोस्टाला जोडलेल्या असतात त्याचाच पिनकोड वापरतात. तेव्हा पूर्ण पिनकोड लिहिल्यावरही गावाचं नाव लिहावंच लागतं.

पण या ढोबळ आकड्याचा चुका पकडायला मात्र चांगला उपयोग होतो. पत्त्यात राज्य महाराष्ट्र लिहिलेलं आणि पिनकोड १ ने किंवा ५ ने सुरू होणारा, तर दोहोंपैकी एक नक्की चुकलेलं आहे. सुरुवातीचं ४११ आणि १४१ चं उदाहरण असं एका नजरेत सापडतं. बँकेच्या किंवा खरेदीच्या अर्जात पिनकोड भरताच जिल्हा आणि राज्य आपोआप उमटतं, त्यामागे हीच पडताळणी असते. ४ आणि ४ मधली चूक, म्हणजे ४१५ च्या जागी ४१६, या नजरेतून निसटते. सातारा ४१५००१ आणि कोल्हापूर ४१६००१, दोन्ही महाराष्ट्रात, दोन्ही पटण्यासारखे. अशा वेळी शेवटी पोस्टमनलाच पत्ता वाचावा लागतो.

आता तो नववा आकडा. तो कुठल्याच प्रदेशाचा नाही, तो सैन्याच्या टपालाचा आहे. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी हे गाव पिढ्यान्पिढ्या सैनिक देणारं म्हणून ओळखलं जातं. तिथून सीमेवरच्या जवानाला पत्र पाठवताना घरच्यांना तो नेमका कुठे आहे हे माहीत नसतं, आणि लिहायचंही नसतं. क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी, पुढे ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. नागरी टपालाला एवढंच कळतं की हे पाकीट सैन्याच्या हवाली करायचं आहे. ५६ एपीओचं टपाल दिल्लीच्या मध्यवर्ती तळ टपाल कार्यालयाकडे जातं, ९९ एपीओचं कोलकात्याच्या. पुढची वाट सैन्याची, आणि तुकडी हलली तरी घरच्यांनी लिहायचा पत्ता तोच राहतो. बाकीचे आठ आकडे पत्र कुठे जायचं ते उघड सांगतात. नऊचा आकडा ते मुद्दाम सांगत नाही, फक्त कोणाच्या हाती द्यायचं तेवढं सांगतो. पहिल्या आकड्याचं मूळ काम काय आहे, हे यानमइतकंच इथेही उघड दिसतं.

टपाल खात्याने २०२५ साली डिजिपिन नावाची दुसरी एक रचना आणली. ती आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रासोबत तयार झाली आहे. तिच्यात दहा अक्षरं-आकडे असतात आणि त्यातून साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोन नेमका सांगता येतो. पिनकोड रद्द झालेला नाही, दोन्ही आपापल्या जागी आहेत. पण दोहोंची पहिली खूण शेजारी ठेवून पाहिली तर फरक ध्यानात येतो. डिजिपिनचं पहिलं चिन्हही मोठा प्रदेशच दाखवतं, मात्र तो अक्षांश-रेखांशांच्या सरळ रेघांनी कापलेला, एकेका बाजूला नऊ अंशांचा. त्यातली एक रेघ साडेवीस अक्षांशावरून जाते आणि महाराष्ट्राच्या मधूनच जाते. नाशिक तिच्या खाली राहतं, जळगाव वर. त्यामुळे डिजिपिनमध्ये मुंबईची पहिली खूण बंगळुरू आणि चेन्नईशी जुळते, नागपूरची दिल्लीशी. पिनकोडात मुंबई ४००००१ आणि नागपूर ४४०००१, दोघांच्याही सुरुवातीला चार.